हात सैल असलेल्या वारसासाठी मृत्युपत्र: पैसे द्यायचे, पण एकदम नाही

घरात दोन मुलं असतात. एक जण पगार झाला की आधी एसआयपी भरतो, दुसऱ्याचा पगार दहा तारखेलाच संपलेला असतो. दुसरा वाईट नसतो. तो मित्राच्या अडचणीला धावून जातो, भाचरांना महागडी खेळणी आणतो, दर दोन वर्षांनी नवा धंदा सुरू करतो आणि प्रत्येक वेळी क्रेडिट कार्डावर थोडं अधिक कर्ज घेऊन परत येतो. आईवडील आहेत तोवर सावरून घेतात. पण आपल्यामागे याच्या हातात एकदम ८०-९० लाख रुपये पडले तर काय होईल, हा विचार रात्री झोपू देत नाही.

तुमच्याही घरी अशी काळजी असेल, तर तुमच्यासमोर साधारण दोन पर्याय आले असतील. पहिला म्हणजे मनावर दगड ठेवून त्याला कमी द्यायचं. दुसरा म्हणजे सगळं थोरल्या बहिणीच्या किंवा भावाच्या नावे करायचं आणि 'तू त्याला सांभाळ' असं सांगायचं. पहिल्या पर्यायात तो दुखावतो. दुसऱ्यात भावाबहिणीचं नातं सावकार आणि कर्जदाराचं होतं, शिवाय तोंडी सांगितलेली गोष्ट कोर्टात टिकवणं फार अवघड असतं.

तिसरा पर्याय आपल्या कायद्यात बराच जुना आहे. मृत्युपत्रातूनच एक खासगी ट्रस्ट तयार करायचा. तुम्ही हयात असेपर्यंत तो फक्त कागदावर असतो. तुमच्यानंतर त्या वारसाचा वाटा त्याच्या हातात न जाता ट्रस्टींकडे जातो. ते घरखर्चाला पैसे देतात, ठरलेल्या टप्प्यांवर मोठी रक्कम देतात आणि परिस्थिती ठीक नसेल तर थांबतात. यासाठी भारतीय न्यास कायदा, १८८२ आणि भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ हे दोन कायदे प्रामुख्याने लागू होतात. मात्र शब्द चुकले तर हा सगळा बंदोबस्त कागदावरच राहतो. म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करू.

एका वाक्यात फसणारं मृत्युपत्र

बहुतेक जण घरच्या घरी असं काहीतरी लिहितात: 'माझ्या सर्व ठेवी मी माझ्या मुलाला देत आहे. मात्र त्या त्याला एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्याव्यात आणि त्याने त्या घर घेण्यासाठीच वापराव्यात.'

वाचायला हे स्पष्ट वाटतं. पण उत्तराधिकार कायद्याचं कलम १३८ सांगतं की एखादी रक्कम कुणाला पूर्णपणे देऊन टाकली आणि मग ती अमुक प्रकारेच वापरावी अशी सूचना जोडली, तर ती सूचना नव्हतीच असं समजून त्या व्यक्तीला रक्कम मिळते. म्हणजे पहिल्या वाक्याने पैसे मुलाचे झाले आणि पुढच्या वाक्याला काही वजन उरलं नाही. मुलगा सज्ञान आहे, तो सरळ म्हणू शकतो, 'पैसे माझे आहेत, मला द्या.'

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. उधळेपणा म्हणजे मानसिक आजार नव्हे. नुसता हात सैल आहे म्हणून सज्ञान माणसाच्या डोक्यावर कोर्ट पालक बसवेल, अशी आशा ठेवू नका. लगाम घालायचा असेल तर तो मालमत्ता कोणाच्या नावे जाते, तिथेच घालावा लागतो.

म्हणून वाक्य असं हवं: 'माझ्या ठेवी आणि म्युच्युअल फंड मी पुढे नाव दिलेल्या ट्रस्टींना ट्रस्ट म्हणून धारण करण्यासाठी देत आहे. माझा मुलगा, त्याची पत्नी आणि त्याची मुलगी यांच्यापैकी ज्याला, जेव्हा आणि जेवढी रक्कम देणं ट्रस्टींना योग्य वाटेल, ती ते स्वतःच्या विवेकाने देऊ शकतील.'

फरक दोन ठिकाणी आहे. पैसे मुलाला दिलेले नाहीत, ट्रस्टींना दिले आहेत. आणि 'द्यावेत' असं न म्हणता 'देऊ शकतील' म्हटलं आहे. 'दरमहा ३० हजार द्यावेत' असं लिहिलं तर तो मुलाचा ठरलेला हक्क होतो. ठरलेला हक्क विकता येतो, त्यावर उधार घेता येतं आणि सावकार त्याच्यावर डोळा ठेवतो. ट्रस्टींनी ठरवेपर्यंत मुलाला ठरावीक असं काहीच मिळायचं नसेल, तर त्याच्या देणेकऱ्यांनाही हात घालायला काही सापडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार केवळ शक्यतेच्या स्वरूपातला हक्क जप्त करता येत नाही.

पण ही ढाल कुठवर पुरते तेही समजून घ्या. पैसे एकदा मुलाच्या बँक खात्यात जमा झाले की ते त्याचे झाले. त्या खात्यावर जप्ती येऊ शकते. म्हणून अनुभवी वकील मृत्युपत्रात आणखी एक वाक्य घालतात: ट्रस्टी लाभार्थीला रक्कम देण्याऐवजी घरमालक, शाळा, रुग्णालय किंवा विमा कंपनीला थेट देऊ शकतील.

एकच लाभार्थी ठेवू नका

दुसरी पळवाट न्यास कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. ट्रस्टचा लाभार्थी एकच असेल आणि तो सज्ञान व सक्षम असेल, तर तो ट्रस्टींना सांगू शकतो की ट्रस्टची मालमत्ता माझ्या नावे करा. लाभार्थी अनेक असतील, सगळे सज्ञान असतील आणि सगळ्यांचं एकमत असेल, तर त्यांनाही हा अधिकार आहे. म्हणजे तुम्ही १७ वर्षांचं वेळापत्रक आखलंत आणि लाभार्थी म्हणून फक्त मुलाचं नाव घातलंत, तर ते वेळापत्रक एका अर्जाने मोडू शकतं.

उपाय सोपा आहे. मुलासोबत त्याची पत्नी आणि मुलं लाभार्थी असावीत. शिवाय 'मुलगा त्या टप्प्यापर्यंत हयात नसेल तर उरलेली रक्कम कोणाला' हेही लिहावं. त्या जागी जे असतील त्यांचाही ट्रस्टमध्ये हितसंबंध तयार होतो आणि त्यांच्या संमतीशिवाय ट्रस्ट मोडता येत नाही. इथे थोरल्या मुलीचं नाव घालण्याचा मोह होतो. त्यापेक्षा तिच्या मुलांची नावं घालणं शहाणपणाचं. मुलीचं नाव असेल तर भाऊ उद्या तिच्याच दारात उभा राहील, 'ताई, एक सही कर, सगळं मोकळं होईल.' तिला त्या पेचात टाकू नये.

'हयात असेल तर' या शब्दांचा आणखी एक उपयोग आहे. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की पैसे नंतर द्यायचे असले तरी, मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसेल, तर त्यावरचा हक्क तुमच्या मृत्यूच्याच दिवशी वारसाला मिळतो. तो हक्क पुढे त्याच्या वारसांकडे जातो. टप्प्याच्या दिवशी हयात असण्याची अट घातली की वेगळा हेतू स्पष्ट होतो.

एक उदाहरण आकड्यांसकट

समजा, इंदूरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त आईचं वय ६८ आहे. थोरली मुलगी पुण्यात, तिला दोन मुलं. मुलगा ३१ वर्षांचा, इंदूरमध्येच भाड्याच्या घरात राहतो. त्याला पत्नी आणि ४ वर्षांची मुलगी आहे. त्याने दोन धंदे बुडवले आहेत आणि आईने दोनदा त्याचं कार्डाचं कर्ज फेडलं आहे. आईकडे साधारण ८० लाखांचा फ्लॅट आणि ८० लाखांच्या ठेवी व म्युच्युअल फंड आहेत, सगळं स्वतःच्या कमाईचं. दोन्ही मुलांना सारखाच वाटा द्यायची तिची इच्छा आहे. फ्लॅट मुलीला, ठेवी मुलाच्या ट्रस्टला.

पहिला प्रश्न टप्पे कशावरून मोजायचे हा. बरेच जण लिहितात, 'वयाच्या ३५व्या, ४०व्या आणि ४५व्या वर्षी.' पण ही आई ९० वर्षं जगली तर मुलगा तेव्हा ५३ वर्षांचा असेल. तिन्ही वयं उलटून गेलेली असतील आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देय होईल. म्हणून टप्पे मृत्यूच्या तारखेपासून मोजायचे.

दुसरा प्रश्न रक्कम. रुपयांत लिहिलेली रक्कम महागाईत विरघळते आणि ट्रस्टमध्ये तेव्हा नेमकं किती असेल हेही माहीत नसतं. म्हणून वाटा अपूर्णांकात लिहायचा: त्या दिवशी ट्रस्टमध्ये जे असेल त्याचा अमुक भाग.

आईने असे चार टप्पे ठरवले. मृत्यूनंतर ३ वर्षांनी शिलकीचा दहावा भाग, ७ वर्षांनी तेव्हाच्या शिलकीचा चौथा भाग, १२ वर्षांनी निम्मा भाग आणि १७ वर्षांनी उरलेलं सगळं. मूळ रक्कम ८० लाखच राहिली असं धरलं तर पहिल्या टप्प्याला ८ लाख मिळतील आणि ७२ लाख उरतील. दुसऱ्याला १८ लाख मिळून ५४ लाख उरतील. तिसऱ्याला २७ लाख आणि शेवटी पुन्हा २७ लाख.

पहिला टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे. ८ लाख ही खरं तर परीक्षा आहे. ते पैसे कुठे गेले हे पाहून ट्रस्टींना पुढच्या १८ लाखांबद्दल काही ठरवता येतं. ते ८ लाख सहा महिन्यांत उडाले, तरी ७२ लाख शाबूत असतात.

टप्प्यांच्या मधल्या काळात घर कसं चालायचं? ८० लाखांवर वर्षाला ७ टक्के मिळतात असं समजलं तर ५ लाख ६० हजार होतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४६ हजार. त्यातून घरभाडं, नातीची शाळेची फी आणि कुटुंबाचा आरोग्य विमा यांसाठी साधारण ३० हजार थेट त्या त्या ठिकाणी भरता येतात. उरलेले कर, खर्च आणि महागाईची भरपाई यासाठी ट्रस्टमध्येच राहतात. मुलाने स्वतः कमवायचं आहे, हेही या आकड्यातून त्याला कळतं. छप्पर आणि शिक्षण सुरक्षित आहे, चैन स्वतःच्या कमाईतून.

१७ वर्षं हा आकडा उगाच निवडलेला नाही. मृत्युपत्रातून ट्रस्टचं उत्पन्न न वाटता साठवत राहा, अशी सूचना दिली तर ती मृत्यूनंतर १८ वर्षांपर्यंतच चालते. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११७ ने ती मर्यादा घातली आहे. त्याच्या आत ट्रस्ट संपवला तर हा वादच उरत नाही.

ट्रस्टींना मोकळीक किती द्यायची?

हा भाग सगळ्यात नाजूक आहे. मोकळीक कमी दिली तर ट्रस्टी म्हणजे नुसता कॅशियर होतो. टप्पा आला की मुलगा कर्जात बुडालेला असला तरी त्याला पैसे द्यावेच लागतात आणि ते सरळ देणेकऱ्यांच्या घरी जातात. मोकळीक अमर्याद दिली तर एखादा खडूस ट्रस्टी 'तुला अजून अक्कल आलेली नाही' म्हणत वर्षानुवर्षं पैसे अडवून बसू शकतो.

मधला मार्ग असा. टप्पा आला की ट्रस्टींनी तीन महिन्यांच्या आत बैठक घ्यावी. त्यांनी एक तर रक्कम द्यावी, किंवा का देत नाही ते लेखी नोंदवावं. एका वेळी जास्तीत जास्त २ वर्षं थांबता येईल, मग पुन्हा विचार करावा लागेल. थांबण्याची कारणंही मृत्युपत्रात लिहून ठेवावीत आणि ती मोजता येतील अशी असावीत. 'वागणूक सुधारली नसेल तर' हे कारण भांडणाला आमंत्रण आहे. त्याऐवजी असं लिहिता येतं: टप्प्याच्या वेळी त्याच्यावर थकलेलं वैयक्तिक कर्ज किंवा कार्डाची थकबाकी असेल, त्याच्याविरुद्ध वसुलीचा दावा चालू असेल, व्यसनमुक्तीचे उपचार सुरू असतील, किंवा ट्रस्टींनी मागितलेला क्रेडिट रिपोर्ट त्याने दिला नसेल.

क्रेडिट रिपोर्टची अट साधी वाटते, पण फार कामाची आहे. तो रिपोर्ट मुलाला स्वतःला काढता येतो आणि त्यात बँका व वित्त कंपन्यांच्या कर्जांची नोंद असते. मित्रांकडून किंवा खासगी सावकाराकडून घेतलेली उधारी मात्र त्यात दिसत नाही. म्हणून ट्रस्टींनी कागदासोबत माणसांशीही बोलायला हवं. सुनेशी मोकळेपणाने बोलता येईल असा एक तरी ट्रस्टी असावा.

उलट दिशेचा अधिकारही द्या. मोठं आजारपण, अपघात किंवा नातीचं उच्च शिक्षण यासाठी टप्प्याच्या आधी पैसे देण्याची परवानगी असावी, पण एकूण रकमेच्या ठरावीक भागापर्यंतच. मर्यादा नसेल तर प्रत्येक अडचण आणीबाणी होते. 'थोडे आगाऊ द्या, पुढच्या टप्प्यातून कापून घ्या' अशी मागणी वारंवार येऊ लागली, तर मुलाच्या पाठीमागे कोणीतरी वसुलीला लागलं आहे, असं ट्रस्टींनी समजावं.

ट्रस्टींनी विवेकाचा अधिकार वाजवीपणे आणि प्रामाणिक हेतूने वापरला नाही, तर मुलाला दिवाणी न्यायालयात जाता येतं. न्यास कायद्याचं कलम ४९ त्याला हे संरक्षण देतं. ट्रस्टीही अडचणीत असेल तर कलम ३४ खाली व्यवस्थापनाच्या प्रश्नावर कोर्टाचं मत मागू शकतो. म्हणूनच प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद हवी. ती मुलालाही उपयोगी पडते आणि ट्रस्टींनाही.

ट्रस्टी कोण असावा?

पहिलं नाव बहुतेकदा मामा किंवा काकांचं येतं. ते भला माणूस असतील, पण त्यांचं वय विचारात घ्या. तुमच्याच वयाचा माणूस तुमच्यानंतर १७ वर्षं काम पाहील याची खात्री नाही. एखादा ट्रस्टी तुमच्यापेक्षा निदान १५ वर्षांनी लहान असावा आणि प्रत्येकाला पर्यायी नाव असावं.

थोरल्या मुलीला एकटीला ट्रस्टी करू नका. भावाला 'नाही' म्हणण्याचं काम तिच्या गळ्यात पडतं आणि माहेरपण संपतं. ज्याने मुलाला पूर्वी उसने पैसे दिले आहेत, असा नातेवाईकही नको. त्याला स्वतःची वसुली दिसेल.

तीन ट्रस्टी ही चांगली संख्या आहे: एक कुटुंबातला, एक हिशेब समजणारा आणि एक दोघांनाही ओळखणारा. पण कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो. बहुमताने चालवायचं असेल तर मृत्युपत्रात तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाही तर एक ट्रस्टी परदेशी गेला की भाड्याचा चेकही अडतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मृत्युपत्रात मानधनाची तरतूद नसेल तर ट्रस्टीला या कामाचे पैसे घेण्याचा सहसा हक्क नसतो. १७ वर्षं फुकट हिशेब ठेवायला किती जण तयार होतील? वर्षाला एक माफक रक्कम किंवा उत्पन्नाचा छोटा हिस्सा लिहून ठेवा. नात्यात कोणीच योग्य नसेल तर व्यावसायिक ट्रस्टी कंपन्याही हे काम करतात. त्यांचं शुल्क छोट्या ट्रस्टला जड जाऊ शकतं, म्हणून आधी लेखी दर मागवा. आणि ज्याचं नाव घालणार त्याला आधी विचारा. ट्रस्टी होणं कोणावरही बंधनकारक नाही.

ट्रस्ट रिकामा राहण्याची तीन कारणं

मृत्युपत्र उत्तम लिहिलं आणि तरी ट्रस्टमध्ये पैसेच आले नाहीत, असं होऊ शकतं.

पहिलं कारण नॉमिनी. ठेवी, डिमॅट आणि म्युच्युअल फंडात मुलाचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर बँक पैसे त्याच्या हातात देते. कायद्याने नॉमिनी मालक होत नाही. शेअर आणि डिमॅटबाबत सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण उधळ्या माणसाच्या हातात गेलेले पैसे परत आणायला ट्रस्टींना दावा लावावा लागेल आणि तोवर काय उरेल? म्हणून या ठिकाणी मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, किंवा एखादा भरवशाचा ट्रस्टी नॉमिनी ठेवावा.

आयुर्विम्याचं प्रकरण याहून अवघड आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, आणि मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम लाभाने त्यांचीच होते. म्हणजे पॉलिसीवर मुलाचं नाव असेल तर ती रक्कम ट्रस्टला चुकवून थेट त्याच्याकडे जाईल.

दुसरं कारण संयुक्त खातं. सोयीसाठी मुलाचं नाव 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने जोडलेलं असेल, तर तुमच्यानंतर ते खातं तो एकटा चालवू शकतो.

तिसरं कारण तुमचीच सही. मुलाच्या कर्जाला तुम्ही जामीन किंवा सहकर्जदार असाल, तर ते देणं तुमच्याबरोबर संपत नाही. बँक तुमच्या मालमत्तेतून वसुली मागू शकते आणि तुमची देणी फेडल्याशिवाय ट्रस्टकडे काही जात नाही. तुम्ही ज्या कर्जांवर सह्या केल्या आहेत, त्यांची यादी आजच काढा.

सहीच्या दिवशी आणि त्यानंतर

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि तुम्ही सही करताना त्यांनी ते पाहिलेलं असावं, किंवा ती सही तुमचीच असल्याचं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. पण जिथे एखादा वारस नाराज होण्याची शक्यता आहे तिथे नोंदणी करून घेणं बरं.

तुम्हाला किती मालमत्तेबद्दल असं लिहिता येतं हेही तपासा. हिंदू कुटुंबात स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्णपणे आणि वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. मुस्लिम कायद्यात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशची मर्यादा आहे. गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यात मुलांचा निम्म्या मालमत्तेवर राखीव हक्क असतो, त्यामुळे तिथे हा बेत उरलेल्या भागापुरताच जमतो.

तुमच्यानंतर क्रम असा राहील. एक्झिक्युटर मालमत्ता गोळा करेल, तुमची देणी आणि कर भरेल आणि उरलेली रक्कम ट्रस्टींकडे सोपवेल. ट्रस्टी ट्रस्टच्या नावाने पॅन काढतील, बँक खातं उघडतील आणि दरवर्षी हिशेब ठेवतील. हा हिशेब मागण्याचा मुलाला हक्क आहे.

कराबाबत एक मुद्दा आधीच सीएला विचारा. ट्रस्टींच्या विवेकावर चालणाऱ्या ट्रस्टच्या उत्पन्नावर एरवी सर्वोच्च दराने कर लागू शकतो. मृत्युपत्रातून केलेल्या ट्रस्टला त्यातून सूट देऊन नेहमीच्या टप्प्यांनुसार कर आकारण्याची तरतूद आहे, पण त्या व्यक्तीने मृत्युपत्रातून केलेला तो एकमेव ट्रस्ट असावा लागतो. मुलासाठी एक आणि नातीसाठी एक असे दोन ट्रस्ट लिहिलेत तर ही सवलत हातची जाऊ शकते.

मुलाला सांगायचं का?

सांगावं. तुमच्या पश्चात वकिलाच्या कार्यालयात हे पहिल्यांदा ऐकणं म्हणजे शेवटच्या दिवशी आईने अविश्वास दाखवल्यासारखं आहे. आज समोर बसून सांगितलं तर त्याला रागवायला, प्रश्न विचारायला आणि कदाचित एखादा टप्पा बदलून मागायलाही वाव असतो. 'ताईइतकाच वाटा तुला आहे, फक्त तो हळूहळू येईल,' हे वाक्य तुमच्या तोंडून आलं पाहिजे.

मृत्युपत्रासोबत ट्रस्टींसाठी एक साधं पत्रही लिहून ठेवा. ते कायद्याने बंधनकारक नसतं, पण ट्रस्टींना तुमचं मन कळतं. मुलगा कशात गुंततो, कोणाच्या शब्दाला मान देतो, त्याने तिसरा धंदा काढायचा म्हटलं तर तुम्ही काय केलं असतं, हे त्यात लिहा.

मसुदा हातात आला की सही करण्यापूर्वी वकिलाला पाच प्रश्न विचारा. पैसे मुलाला दिले आहेत की ट्रस्टींना? मुलाशिवाय दुसरे लाभार्थी कोण आहेत? टप्पे कोणत्या तारखेपासून मोजले आहेत? ट्रस्टींनी 'नाही' म्हटलं तर ते किती दिवस चालेल? आणि माझ्या प्रत्येक खात्यावर, पॉलिसीवर नॉमिनी कोण आहे? पाचवं उत्तर वकिलाकडे नसेल. ते तुमच्या कपाटातल्या फायलीत आहे, तेव्हा ती फाईल सोबत घेऊनच जा.